माइकला चिकटून रेकॉर्ड केलेला व्हॉइसओव्हर: घुमणारा खालचा आवाज ईक्यूने कसा उतरवायचा

मुंबईतल्या घरात व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करणारा माणूस माइकच्या जवळ सरकतो, त्याला कारण असतं. खिडकीखालून रिक्षा जात असतात, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. तोंड माइकजवळ नेलं की आवाज मोठा येतो, गेन कमी ठेवता येतो आणि बाहेरचा गोंगाट दबतो. पण नंतर ऐकायला बसलं की आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो. ‘भाऊ’, ‘बाबा’, ‘दूध’ असे शब्द ढब्ब येऊन आदळतात, शब्दांच्या कडा हरवतात आणि क्लायंट म्हणतो, ‘‘जरा क्लिअर करा ना.’’

याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात. रीटेक शक्य असेल तर तो घ्यावा, पण कलाकार निघून गेला असेल किंवा डिलिव्हरी संध्याकाळची असेल तर ईक्यूने बरंच सुधारता येतं. मात्र नेमकं काय वाढलंय हे माहीत नसताना ईक्यू फिरवायला घेतला, तर घुमणाऱ्या आवाजाचा पातळ, टिनपाट आवाज होतो.

## १. आधी समजून घ्या: वाढ उंचवट्याची नाही, उताराची आहे

व्हॉइसओव्हरसाठी आपण वापरतो ते बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरून जास्त आणि मागून कमी ऐकणारे. असा माइक पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला पोहोचणाऱ्या हवेच्या दाबातला फरकही मोजतो. तोंड लांब असतं तेव्हा दोन्ही बाजूंना पोहोचणाऱ्या लाटांची ताकद जवळपास सारखीच असते. तोंड अगदी जवळ आलं की पुढच्या बाजूला जास्त जोर पोहोचतो आणि मागच्या बाजूला तुलनेने कमी. ही तफावत सगळ्या फ्रीक्वेन्सींना असते, पण खालच्या फ्रीक्वेन्सींमध्ये दाबाचा मूळ फरकच लहान असल्यामुळे तिथे ती ठळकपणे जाणवते. ओम्नी माइक नुसता दाब मोजतो, म्हणून त्यात हा प्रकार होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ओठ माइकच्या कॅप्सूलपासून, म्हणजे जाळीमागच्या आवाज पकडणाऱ्या भागापासून, 15 सेंटिमीटरवर असायला हवे होते आणि प्रत्यक्षात 5 सेंटिमीटरवर होते. आदर्श कार्डिऑइडच्या गणिताप्रमाणे, 15 सेंटिमीटरच्या तुलनेत 5 सेंटिमीटरवरची जादा वाढ साधारण अशी येते:

- 800 हर्ट्झला सुमारे दीड डेसिबल
- 400 हर्ट्झला पावणेचार
- 200 हर्ट्झला पावणेसात
- 100 हर्ट्झला साडेआठ

त्याखाली कितीही गेलात तरी ही वाढ साडेनऊच्या पुढे जात नाही, कारण अंतर तिप्पट जवळ आलं आणि तिपटीचे डेसिबल तेवढेच होतात.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, त्यांचा आकार लक्षात ठेवा. मधल्या भागापासून खाली हळूहळू चढत जाणारी आणि शेवटी सपाट होणारी ही रेघ आहे. ईक्यूमध्ये याच आकाराचा फिल्टर असतो, त्याला लो शेल्फ म्हणतात. म्हणून या कामाचं मुख्य हत्यार लो शेल्फ. 200 हर्ट्झला एकच खोल खड्डा पाडणं किंवा नुसता हाय-पास लावून मोकळं होणं, या दोन्ही गोष्टी अर्धवट ठरतात. हाय-पास आवाजाच्या खालची घरघर काढतो, पण घुमणं तर आवाजाच्या आतच, 100 ते 400 हर्ट्झमध्ये असतं.

गणितातला आकडा जसाच्या तसा मात्र लावू नका. तोंड म्हणजे एक बिंदू नव्हे, शिवाय कितीतरी व्होकल माइक जवळून बोलणं गृहीत धरून मुळातच खालून थोडे उतरते बनवलेले असतात. त्यात कॅप्सूल जाळीच्या दोन-तीन सेंटिमीटर आत असतं, त्यामुळे ‘5 सेंटिमीटर’ म्हणजे ओठ जाळीपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर. प्रत्यक्षातली वाढ बहुधा गणितापेक्षा कमी असते, आणि थोडी ऊब आपल्याला हवीही असते. म्हणून सुरुवात दोनतृतीयांश काटछाटीने करायची.

## २. काय काय लागेल

- मूळ डब्ल्यूएव्ही फाइल. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून आलेली फाइल कामाची नाही, मूळ फाइल ड्राइव्हवरून मागवा.
- बंद कपांचे हेडफोन. खालचा भाग फुगवून दाखवणारे ‘एक्स्ट्रा बास’वाले नकोत.
- पॅरामेट्रिक ईक्यू असलेलं कोणतंही सॉफ्टवेअर. फुकटात ऑडासिटी पुरेल, रीपर असेल तर त्यातला ReaEQ जास्त सोयीचा.
- संदर्भासाठी 20 सेकंदांचं रेकॉर्डिंग: तोच आवाज, तोच माइक, तीच स्क्रिप्ट, पण ओठ माइकपासून एका वितीवर.

या यादीतली शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. घुमणाऱ्या आवाजाची कानाला दहा मिनिटांत सवय होते आणि मग किती कापायचं याचा अंदाज सुटतो. कलाकार हाताशी नसेल तर त्याचं जुनं, नीट अंतरावरून केलेलं एखादं काम मागवा. मागे रिक्षा वाजत असली तरी हरकत नाही, आपल्याला फक्त खालच्या-वरच्या भागाचं प्रमाण बघायचं आहे.

## ३. दोष खरंच प्रॉक्झिमिटीचा आहे का, ते तपासा

खालून जड वाटणारं प्रत्येक रेकॉर्डिंग माइकजवळच्या बोलण्यामुळे बिघडलेलं नसतं. मुंबईतल्या लहान खोल्यांत तर खोलीचाच संशय आधी घ्यावा. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आणि मग 112 च्या आसपास आवाज अडकून राहतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचा परिणाम एकाच जागी साचतो. पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर बऱ्याचदा नेमका 110 च्या जवळपास असतो.

फरक ओळखायला सोपा आहे. खोलीचा दोष असेल तर एखाद्या ठरावीक सुरावरच आवाज घुमतो आणि शब्द संपल्यावर क्षणभर शेपटी उरते. प्रॉक्झिमिटीत सगळे खालचे सूर सारखे जड होतात आणि शब्द थांबला की जडपणाही थांबतो. ‘पाऊस’ हा शब्द आधी वरच्या, मग खालच्या सुरात म्हटलेला ऐका. फक्त खालच्या सुरावर गुंजत असेल तर शंका खोलीवर.

बोलणं नसलेल्या जागीही सलग ‘ऊंऽऽ’ ऐकू येत असेल तर तो विजेचा हम. आपल्याकडे तो 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटींत येतो. त्याचा इलाज वेगळा, शेल्फने तो जात नाही.

आकृतीत बघायचं असेल तर ऑडासिटीत Analyze मेनूमधलं Plot Spectrum उघडा, Size 8192 किंवा 16384 ठेवा आणि Axis मध्ये Log frequency निवडा. एकदा बिघडलेल्या टेकचा आणि एकदा संदर्भाचा आलेख घ्या. दोन्हींची पातळी 1 ते 2 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जुळते असं धरून खाली उतरत जा. बिघडलेल्या टेकची रेघ 500 हर्ट्झच्या आसपासपासून संदर्भापेक्षा हळूहळू वर जात असेल, तर निदान पक्कं. एकाच जागी टोकदार सुळका दिसला तर ते प्रकरण निराळं.

## ४. ईक्यूच्या आधीची साफसफाई

आधी ट्रॅकची प्रत करून ठेवा, ऑडासिटीत Ctrl+D. तिथले बरेच इफेक्ट थेट फाइलवर बसतात, परत फिरायला मूळ ट्रॅक हवाच.

मग प, फ, ब, भ यांचे फटके शोधा. हे हवेचे झोत आहेत. त्यांचा प्रॉक्झिमिटीशी संबंध इतकाच की दोन्ही जवळ बसण्याने होतात. आपल्या भाषेत ‘फक्त’, ‘भरपूर’, ‘पुढे’ हे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या मजकुरात फटकेही पुष्कळ सापडतील. प्रत्येक फटक्याचा तेवढाच तुकडा, साधारण 50 ते 100 मिलिसेकंदांचा, निवडा आणि त्यावर 150 हर्ट्झचा हाय-पास लावा. फटके काढण्यासाठी संपूर्ण ट्रॅक कापलात तर चांगले शब्दही सोलून निघतात.

लाटेची टोकं सपाट झालेली दिसली, म्हणजे रेकॉर्डिंग क्लिप झालं असेल, तर पुढची मेहनत घेऊ नका. जवळून बोलताना खालचा भागच माइक किंवा प्रीअॅम्पला ओव्हरलोड करतो, आणि त्या वेळी झालेला फाटकेपणा वरच्या फ्रीक्वेन्सींतही पसरलेला असतो. शेल्फ खाली ओढला तरी तो तिथेच राहतो. असा टेक पुन्हाच घ्यावा लागतो.

कम्प्रेसर अजून लावू नका. त्याला ईक्यूच्या आधी ठेवलं तर तो फुगलेल्या खालच्या भागावर दचकतो आणि प्रत्येक ‘भाऊ’ला संपूर्ण आवाज दाबून टाकतो.

## ५. हाय-पास, पण हलका

पुरुषाच्या आवाजाला 70 ते 80 हर्ट्झ, बाईच्या आवाजाला 90 ते 110 हर्ट्झ, उतार 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. ऑडासिटीत High-Pass Filter उघडून Frequency 75 आणि Roll-off 12 dB असं भरा. रस्त्यावरच्या बसची किंवा लोकलची खालची घरघर, टेबलाला लागलेला धक्का हे सगळं इथे जातं.

घुमणं कमी होत नाही म्हणून हा आकडा 150 वर नेण्याचा मोह होतो, आणि नवख्यांच्या हातून आवाज बिघडतो तो बहुतेक इथेच. पुरुषाचा मूळ सूरच कापला जातो, 250-300 वरचं कोंदटपण मात्र तसंच राहतं. परिणामी आवाज एकाच वेळी पातळही लागतो आणि बंदही.

## ६. लो शेल्फ: खरं काम

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. पुरुषाचा आवाज, मूळ सूर 110 च्या आसपास, ओठ कॅप्सूलपासून सुमारे 5 सेंटिमीटर. ReaEQ मध्ये एक बँड Low Shelf करा, फ्रीक्वेन्सी 300 हर्ट्झ, गेन उणे 6 डेसिबल, आणि उतार मोठा व सावकाश ठेवा: बँडविड्थ 2 ऑक्टेव्ह. ज्या ईक्यूत बँडविड्थऐवजी क्यू असतो तिथे 0.5 च्या जवळ, कारण क्यू जितका लहान तितका उतार सावकाश. क्यू वाढवला तर काही ईक्यू शेल्फच्या वळणावर छोटासा उंचवटा तयार करतात, आणि आपण जे काढायला बसलोय तेच थोडं परत आत येतं.

शेल्फची फ्रीक्वेन्सी म्हणजे नेमकी कुठली जागा, हे प्रत्येक ईक्यूत सारखं नसतं. कुठे ती उताराच्या मध्यावर धरतात, कुठे उताराच्या टोकाशी. म्हणून आकड्यापेक्षा पडद्यावरची रेघ पाहा. ती 1000 हर्ट्झच्या आसपास शून्यावर सुटायला हवी आणि 100 ला पूर्ण खाली पोहोचलेली असायला हवी.

ऑडासिटीत हेच काम Filter Curve EQ मध्ये रेघ ओढून होतं. Effect मेनूत EQ and Filters खाली ते सापडेल. रेघेवर क्लिक करून हे बिंदू ठेवा:

```
1600 Hz    0.0 dB
 800 Hz   -1.0 dB
 400 Hz   -2.7 dB
 200 Hz   -4.7 dB
 100 Hz   -6.0 dB
  50 Hz   -6.5 dB
```

माउसने अचूक बसलं नाही तरी अर्धा डेसिबल इकडेतिकडे चालतो. बघायचं ते एवढंच की रेघेला कुठे पायरी किंवा खळगा पडू नये.

आता ऐका, पण आधी पातळी जुळवा. सहा डेसिबल खालून काढले की संपूर्ण आवाज लहान होतो आणि लहान आवाज कानाला नेहमी फिका वाटतो. ईक्यूचा आउटपुट दोन-तीन डेसिबल वाढवून आधीचा आणि नंतरचा आवाज कानाला सारखाच मोठा लागेल असं करा, मगच तुलना करा. हे न केल्यामुळे ‘आधीचाच बरा होता’ म्हणून चांगलं काम पुसून टाकणारे खूप आहेत.

संदर्भ रेकॉर्डिंगशी ताडून बघताना गेन एका वेळी एकाच डेसिबलने हलवा. अजून जड वाटतोय? उणे 7, उणे 8. गाल बसल्यासारखा वाटतोय? उणे 5, उणे 4. खालचा भाग ठीक आहे पण शब्द अजून कोंदट लागत असतील तर गेनला हात न लावता शेल्फ 300 वरून 350 कडे सरकवा. छातीतली ऊब गेली असेल तर 250 कडे आणा.

जास्त कापलं गेलं हे ओळखायला मराठीतच सोय आहे. ‘ऊ’ आणि ‘ई’ या स्वरांचा मोठा जोर 300 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि ‘म’, ‘न’ यांची गुणगुणही त्याच भागात. म्हणून ‘दूर’, ‘ऊन’, ‘मामी’, ‘नवीन’ असे शब्द असलेली वाक्यं लूपवर लावा. शेल्फ खाली नेता नेता हे शब्द शेजारच्या ‘आ’, ‘ए’वाल्या शब्दांपेक्षा मागे पडू लागले की थांबा आणि एक डेसिबल परत या. नुसत्या ‘आ’वर तपासलं तर ही चूक कळत नाही.

आवाज कोंदट आहे म्हणून सुरुवातीलाच 5 किलोहर्ट्झच्या वर काही वाढवू नका. फुगलेला खालचा भाग वरच्या व्यंजनांना झाकत असतो, तो उतरला की ती आपोआप पुढे येतात. आधीच वरून वाढवलेलं असेल तर शेल्फनंतर ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात.

## ७. उरलेला एखादा उंचवटा

शेल्फनंतरही एखादी जागा फुगलेली वाटली, बहुधा 150 ते 250 मध्ये, तर एकच बेल बँड घ्या, म्हणजे एका जागेभोवतीचाच भाग वर-खाली करणारा फिल्टर: क्यू 1 ते 1.4, कापणं 2 ते 3 डेसिबल. जागा शोधताना टोकदार क्यूने 15 डेसिबल वर उचलून झाडू मारायची पद्धत सगळीकडे दाखवतात. तिच्यावर फार विश्वास ठेवू नका, कारण इतकं उचललं की कुठलीही जागा वाईटच ऐकू येते. चार-पाच डेसिबलच उचला आणि जिथे मूळची तक्रार ओळखीच्या स्वरूपात मोठी होते तिथेच कापा. एकापेक्षा जास्त बेल लागत असतील तर शेल्फ चुकलाय, तिकडे परत जा.

## ८. बोलणारा हलत असेल तर

इथे साधा ईक्यू हात टेकतो. कलाकार भावुक ओळींना पुढे झुकतो आणि पान उलटताना मागे जातो, त्यामुळे एका वाक्यात 5 सेंटिमीटर आणि पुढच्यात 12. एकच शेल्फ लावला तर जवळची वाक्यं अजून जड राहतात आणि लांबची पातळ होतात.

मजकूर छोटा असेल, जाहिरातीचा वगैरे, तर तुकडे पाडा. जवळच्या वाक्यांना उणे 7, लांबच्यांना उणे 3, असे दोन ट्रॅक करा. हे कंटाळवाणं आहे, पण निकाल सगळ्यात नैसर्गिक येतो. मजकूर लांब असेल तर स्थिर शेल्फ लांबच्या वाक्यांना पुरेल इतकाच ठेवा आणि त्यापुढे डायनॅमिक ईक्यू लावा, म्हणजे ठरवलेल्या पातळीपुढे आवाज गेला तरच कापणारा ईक्यू. TDR Nova फुकट मिळतो. त्यातला एक रुंद बँड 180 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि थ्रेशोल्ड असा लावा की जवळच्या वाक्यांतच 3-4 डेसिबल कपात दिसेल, बाकी वेळ सुई स्थिर राहील. अॅटॅक 20 मिलिसेकंद, रिलीज 150 पासून सुरू करा. रिलीज फार लहान झाला तर आवाज थरथरल्यासारखा होतो.

## ९. कुठे ऐकून तपासायचं

मोबाइलच्या स्पीकरवर नाही, निदान एकट्या त्यावर नाही. तो खालचा भाग जवळजवळ वाजवतच नाही, त्यामुळे घुमणारा टेकही त्यावर स्वच्छ वाटतो. तीच फाइल क्लायंट गाडीत किंवा ब्लूटूथ स्पीकरवर लावतो आणि मग फोन येतो. हेडफोनवर जुळवा, मग गाडीत किंवा ब्लूटूथ स्पीकरवर ऐका, आणि मोबाइलवर फक्त शब्द कळतात का तेवढं बघा. मागे संगीत असणार असेल तर संगीतासकट ऐका. तिथे बास आधीच भरलेला असतो, आवाजाचा शेल्फ आणखी एक-दोन डेसिबल खाली गेलेला चालतो.

## १०. पुढच्या टेकला

शांत खोली असेल तर एक वीत अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर. फिल्टरच कुंपणाचं काम करतो, कलाकार त्याच्यापुढे सरकत नाही. माइकवर लो-कटचा स्विच असेल तर चालू करा.

पण खिडकीखाली सिग्नल असेल तर वितीचा हट्ट धरू नका. 5 सेंटिमीटरवरून नुसत्या 15 वर गेलात तरी गोंगाटाच्या तुलनेत आवाज साडेनऊ डेसिबलने खाली येतो, आणि तो गोंगाट ईक्यूने निघत नाही. घुमणं मात्र निघतं. अशा घरात चार बोटांवर, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरवर बसा आणि तोंड माइकच्या अक्षापासून 30 ते 45 अंश बाजूला ठेवा. कार्डिऑइडमध्ये कोन वाढला की प्रॉक्झिमिटीही थोडी उतरते आणि झोताचे फटके बाजूने निघून जातात. वरची चमक किंचित कमी होईल. मग शेल्फ उणे 3-4 पासून सुरू करा. हा शेल्फ त्या माणसाच्या आणि त्या माइकच्या नावाने प्रीसेट म्हणून ठेवा, दुसऱ्या आवाजाला तोच लावू नका.